अर्थशास्त्र आधी बसवा: परीक्षेच्या वेळापत्रकातले क्लॅश कसे टळतात

कच्चं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलं की आम्ही हरकतींसाठी आठ दिवस देतो. आठव्या दिवशी संध्याकाळी, मी पोवई नाक्याकडे निघायच्या तयारीत असताना, एक मुलगी परीक्षा विभागाच्या खिडकीशी आली. हातात मोबाईल, त्यात बोर्डाचा फोटो. "सर, माझा इतिहास आणि संख्याशास्त्र एकाच वेळी आलंय."

मी तिला सांगितलं की असं होणार नाही, आम्ही तपासलंय. आणि आम्ही खरंच तपासलं होतं. कॉम्प्युटरने एकही क्लॅश दाखवला नव्हता. तरीही तिचं म्हणणं बरोबर होतं. कसं, ते पुढे येईल. त्याआधी हे वेळापत्रक मुळात बनतं कसं ते सांगतो, कारण साताऱ्यातल्या आमच्या स्वायत्त महाविद्यालयात परीक्षा समितीवर येईपर्यंत मलाही वाटायचं की तारखा आणि विषय समोरासमोर लिहिले की काम झालं.

पूर्वी ते बऱ्याच अंशी तसंच होतं. विद्यार्थी वर्गाने ओळखला जायचा. बी.ए. भाग दोन म्हटलं की त्याचे विषयांचे गट ठरलेले, बी.कॉम.चे वेगळे, बी.एस्सी.चे वेगळे. बी.ए.चा पेपर आणि बी.कॉम.चा पेपर एका वेळी ठेवला तर कोणाचं काही अडायचं नाही. नवं शैक्षणिक धोरण आलं, मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह आले, आणि वर्गांच्या भिंती पडल्या. आता गणिताचा मुलगा ओपन इलेक्टिव्ह म्हणून अर्थशास्त्र घेतो, मानसशास्त्राची मुलगी मायनरला संख्याशास्त्र घेते, आणि कॉमर्सची चारदोन पोरं भूगोलाच्या वर्गात दिसतात. त्यामुळे "कोणत्या वर्गाचा पेपर" हा प्रश्न आता निरुपयोगी झालाय. विचारायचा प्रश्न एकच: या दोन पेपरांना बसणारा एक तरी विद्यार्थी सामाईक आहे का?

असेल, तर ते दोन पेपर एका सेशनला ठेवता येत नाहीत. एक असो की चाळीस असोत, नियम तोच.

याला गणितात मोठं नाव आहे, पण आपल्याकडे हा प्रश्न प्रत्येक लग्नघरात सुटतो. भावकीतल्या काही जणांचं एकमेकांशी वाकडं असतं. त्यांना एका पंगतीला बसवायचं नाही. आणि पंगती तर कमीत कमी उठवायच्या, नाहीतर आचारी ओरडतो. पाहुणे म्हणजे पेपर, वाकडं म्हणजे सामाईक विद्यार्थी आणि पंगत म्हणजे परीक्षेचं सेशन. गणितवाले पाहुण्यांच्या जागी ठिपके काढतात, वाकडं असलेल्या ठिपक्यांमध्ये रेघ ओढतात आणि रेघेच्या दोन टोकांना एकच रंग येणार नाही अशा बेताने रंग देतात. म्हणून त्याला आलेख रंगवणं म्हणतात. एक रंग म्हणजे एक सेशन.

पहिलं काम म्हणजे वाकड्याची यादी. प्रत्येक विद्यार्थ्याने कोणते पेपर भरलेत याची नोंद असतेच: एका ओळीत विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, आणि एक पेपर. पाच पेपर भरले असतील तर पाच ओळी. त्यावरून सामाईक विद्यार्थी मोजायला एवढं पुरतं:

```sql
SELECT a.paper, b.paper, COUNT(*)
FROM reg a JOIN reg b
  ON a.prn = b.prn AND a.paper < b.paper
GROUP BY a.paper, b.paper;
```

यादी स्वतःशीच जोडायची, पीआरएन जुळला की त्या दोन पेपरांची जोडी धरायची. `<` हे चिन्ह एवढ्यासाठी की मराठी–इतिहास आणि इतिहास–मराठी अशी एकच जोडी दोनदा मोजली जाऊ नये, आणि पेपर स्वतःशीच भांडू नये.

आमच्या खऱ्या यादीतले सगळे पेपर इथे घेतले तर वाचणारा पळून जाईल. म्हणून समजायला सोपे पडतील असे आठच घेतो आणि आकडेही सोपे करतो. मराठीला ६० विद्यार्थी, इतिहासाला ५५, भूगोलाला ४८, मानसशास्त्राला ४०, गणिताला ७०, संख्याशास्त्राला ६५, अकाउंटन्सीला १२० आणि अर्थशास्त्राला ११०. आठ पेपरांच्या २८ जोड्या होतात. त्यातल्या ११ जोड्यांमध्ये सामाईक विद्यार्थी निघाले:

मराठी–इतिहास २२
मराठी–मानसशास्त्र १४
इतिहास–भूगोल १८
इतिहास–अर्थशास्त्र १३
भूगोल–अर्थशास्त्र ११
भूगोल–अकाउंटन्सी ६
मानसशास्त्र–संख्याशास्त्र ५
गणित–संख्याशास्त्र ३१
गणित–अर्थशास्त्र ९
संख्याशास्त्र–अर्थशास्त्र १६
अकाउंटन्सी–अर्थशास्त्र ४०

आता हे आठ पेपर बसवू. कोणीही नवखा माणूस यादीच्या क्रमाने जातो. आधी कला शाखा, मग विज्ञान, मग वाणिज्य. अर्थशास्त्र कला आणि वाणिज्य दोन्हीकडे असल्यामुळे आमच्या यादीत ते सगळ्यात शेवटी लिहिलं जायचं. नियम साधा: प्रत्येक पेपरला वाकडं नसलेलं पहिलं सेशन द्यायचं.

मराठी पहिल्या सेशनला. इतिहासाचं मराठीशी वाकडं, म्हणून तो दुसऱ्याला. भूगोलाचं इतिहासाशी आहे पण मराठीशी नाही, म्हणून तो पहिल्याला. मानसशास्त्राचं मराठीशी आहे, ते दुसऱ्याला. गणित पहिल्याला. संख्याशास्त्र आलं तेव्हा पहिल्या सेशनला गणित आणि दुसऱ्याला मानसशास्त्र, दोन्ही नडले, म्हणून तिसरं सेशन उघडलं. अकाउंटन्सीला पहिल्यात भूगोल नडतो, ती दुसऱ्याला. शेवटी अर्थशास्त्र. पहिल्यात भूगोल आणि गणित, दुसऱ्यात इतिहास आणि अकाउंटन्सी, तिसऱ्यात संख्याशास्त्र. सगळीकडे वैरी बसलेले. म्हणून एकट्या अर्थशास्त्रासाठी चौथं सेशन.

चौथं सेशन म्हणजे पुन्हा पर्यवेक्षक, पुन्हा बैठक व्यवस्था, पुन्हा गठ्ठे बांधणं, कदाचित आणखी एक दिवस. आणि ते लागलं कशामुळे? ज्याचं सर्वांत जास्त जणांशी वाकडं, त्यालाच शेवटी जागा शोधायला लावली म्हणून. लग्नघरातली जाणती आत्या असं कधी करत नाही. तऱ्हेवाईक मामांना ती आधी बसवते, मग बाकीच्यांचं बघते.

आपणही तसंच करू. कोणाचं किती जणांशी वाकडं ते मोजू. अर्थशास्त्राचं पाच जणांशी. इतिहास, भूगोल आणि संख्याशास्त्र यांचं प्रत्येकी तिघांशी. बाकी चौघांचं दोघा-दोघांशी. या उतरत्या क्रमाने बसवलं तर अर्थशास्त्र पहिल्याला, इतिहास दुसऱ्याला. भूगोलाचं दोघांशीही वाकडं, तो तिसऱ्याला. संख्याशास्त्राचं अर्थशास्त्राशी आहे, इतिहासाशी नाही, म्हणून दुसऱ्याला. मराठी पहिल्याला, मानसशास्त्र तिसऱ्याला, गणित तिसऱ्याला, अकाउंटन्सी दुसऱ्याला. झालं, तीन सेशनांत सगळे बसले.

ही युक्ती वेल्श आणि पॉवेल या दोघांनी १९६७ साली मांडली, आणि त्यांच्या शोधनिबंधाच्या नावातच वेळापत्रकाचा उल्लेख आहे. १९७९ मध्ये ब्रेलाझने तिच्यात एक शहाणी भर घातली: क्रम आधीच ठरवून ठेवू नका, बसवता-बसवता दर वेळी बघा की आत्ता सगळ्यात कोंडीत कोण सापडलंय. वरच्या उदाहरणात अर्थशास्त्र आणि इतिहास बसल्याबरोबर भूगोलाची दोन दारं बंद झाली, म्हणून पुढचा नंबर भूगोलाचाच. ज्याच्यासाठी एकच दार उरलंय त्याला ताटकळत ठेवलं तर तेही दार कोणीतरी अडवतं.

आता कोणी विचारेल की दोनच सेशनांत नाही का जमणार? नाही, आणि त्यासाठी सगळ्या शक्यता तपासाव्या लागत नाहीत. अर्थशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र या तिघांकडे बघा. प्रत्येकाचं बाकी दोघांशी वाकडं आहे. तिघांना तीन सेशन लागणारच. गंमत अशी की हे तिन्ही विषय एकत्र घेतलेला एकही विद्यार्थी आमच्या यादीत नाही. कोणाकडे पहिले दोन, कोणाकडे शेवटचे दोन. त्यामुळे "एका विद्यार्थ्याचे जास्तीत जास्त पेपर किती" एवढंच बघणाऱ्याला वाटतं की दोन सेशन पुरावेत. ते पुरत नाहीत. आपापसात सगळ्यांचंच वाकडं असलेली टोळी जेवढी मोठी, तेवढी सेशन किमान लागतात. प्राचार्य "दोन दिवस कमी करा" म्हणाले की मी हीच टोळी कागदावर काढून दाखवतो. वाद तिथेच संपतो.

उलट बाजूने मात्र अशी हमी नाही. मोठी टोळी तिघांची असली म्हणजे तीन सेशन पुरतीलच असं नसतं. आणि अडचणीचे आधी बसवण्याची युक्ती दर वेळी कमीत कमी सेशन देईलच असंही नसतं. कार्पने १९७२ मध्ये दाखवून दिलं की कमीत कमी किती रंग लागतील हा प्रश्न अशा कठीण प्रश्नांच्या गटात बसतो, ज्यांच्यासाठी नेहमी झटपट चालणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. १८० पेपर आणि २० सेशन घेतले तर मांडणीच्या शक्यतांची संख्या लिहायला २३५ अंक लागतात. सगळ्या तपासून बघू म्हणणाऱ्याची निवृत्ती होईल, त्याच्या नातवाचीही होईल. म्हणून व्यवहारात सगळे हेच करतात: युक्तीने एक चांगली मांडणी मिळवायची, टोळीने घालून दिलेल्या किमान संख्येशी ताडून बघायची, आणि मग दुरुस्त्या करत बसायचं. वेळापत्रकाचा खरा वेळ या दुरुस्त्यांमध्ये जातो.

आता त्या मुलीकडे येऊ. वेळापत्रक तयार झाल्यावर आम्ही एक शेवटची तपासणी करतो. एका पीआरएनच्या वाट्याला एकाच सेशनचे दोन पेपर आलेत का, एवढंच ही तपासणी विचारते, आणि त्यासाठी नोंदींची यादी वेळापत्रकाच्या तक्त्याशी, म्हणजे `tt` शी, जोडते:

```sql
SELECT r.prn, t.sess, COUNT(*)
FROM reg r JOIN tt t ON t.paper = r.paper
GROUP BY r.prn, t.sess
HAVING COUNT(*) > 1;
```

उत्तर रिकामं आलं होतं. म्हणून तर मी त्या खिडकीशी एवढ्या ठामपणे बोललो. पण ती मुलगी कराडकडच्या एका महाविद्यालयातून बदलून आलेली होती. इतिहास, तिचा मेजर, तिने आमच्या नव्या नंबरने भरला. संख्याशास्त्राचा मायनरचा अर्ज उशिरा, कागदावर भरला आणि त्यात सवयीने जुना पीआरएन लिहिला. आमच्या भाऊसाहेबांनी तो जसाच्या तसा संगणकात घातला. कॉम्प्युटरच्या लेखी त्या दोन वेगळ्या मुली होत्या. एक इतिहासाला बसणार, दुसरी संख्याशास्त्राला. दोन मुली एकाच वेळी दोन खोल्यांत बसू शकतात, त्यात वावगं काय?

क्लॅशची तपासणी किती चांगली आहे हे पीआरएन किती स्वच्छ आहे यावर ठरतं. तेव्हापासून आम्ही जोड्या काढण्याआधी यादी एकदा विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख यांवर जुळवून घेतो. गुणपत्रिकेवर आईचं नाव असतं ही केवढी सोय आहे ते अशा वेळी कळतं. तिन्ही गोष्टी जुळल्या आणि नंबर मात्र दोन, असं दिसलं की अर्ज काढून बघायचा. स्पेलिंग वेगळं असेल तर हेही हुकतं, म्हणून हरकतींचे आठ दिवस मी कधी कमी करू देत नाही. वेळापत्रकातला क्लॅश सर्वांत आधी ज्याचा असतो त्यालाच दिसतो.

चूक सापडली. आता बाराव्या रेघेचं काय करायचं? इतिहास–संख्याशास्त्र, सामाईक विद्यार्थी १. दोन्ही दुसऱ्या सेशनला.

संख्याशास्त्र हलवून बघू. पहिल्या सेशनला अर्थशास्त्र नडतं, तिसऱ्याला गणित आणि मानसशास्त्र. इतिहास हलवून बघू. पहिल्याला मराठी आणि अर्थशास्त्र नडतात, तिसऱ्याला भूगोल. दोघंही जागचे हलत नाहीत. इथे बहुतेक जण हात टेकतात आणि चौथं सेशन उघडतात.

पण एकटा पेपर हलत नसेल तर त्याला नडणाऱ्यांसकट हलवता येतो. संख्याशास्त्र दुसऱ्यातून तिसऱ्यात न्यायचं असेल तर तिसऱ्यातल्या गणिताला आणि मानसशास्त्राला उठवून दुसऱ्यात आणायचं. ते दुसऱ्यात आल्यावर तिथे त्यांचं कोणाशी वाकडं आहे का? दुसऱ्यात इतिहास आणि अकाउंटन्सी उरलेत, दोघांशीही नाही. साखळी इथेच थांबली. असतं, तर त्यालाही उठवून तिसऱ्यात पाठवायचं, आणि असं साखळी संपेपर्यंत करत राहायचं. दोन सेशनांमध्येच हे अदलाबदल चालतं, त्यामुळे नवा क्लॅश कधी तयार होत नाही. अट एवढीच की ज्याच्यापासून सुटायचंय तोच, म्हणजे इथे इतिहास, त्या साखळीत अडकलेला नसावा. अडकला असेल तर दोघंही जागा बदलतात आणि पुन्हा एकत्रच येतात. इतिहासाची साखळी इथे वेगळी आहे: इतिहास, भूगोल, अकाउंटन्सी. म्हणून आपलं जमलं.

या साखळीला केंपची साखळी म्हणतात. आल्फ्रेड केंप पेशाने वकील. कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो हे सिद्ध केल्याचा दावा त्याने १८७९ मध्ये केला, त्यासाठी ही साखळी वापरली, आणि १८९० मध्ये हीवूडने त्या सिद्धतेतली चूक दाखवून दिली. सिद्धता गेली, साखळी राहिली, आणि आता आमच्या परीक्षा विभागात कामाला येते.

तर नवी मांडणी अशी झाली: पहिल्याला अर्थशास्त्र आणि मराठी, दुसऱ्याला इतिहास, अकाउंटन्सी, गणित आणि मानसशास्त्र, तिसऱ्याला भूगोल आणि संख्याशास्त्र. क्लॅश एकही नाही. मी खूश होऊन भाऊसाहेबांना कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, बोटाने बेरीज केली आणि म्हणाले, "सर, बाकं कुठून आणायची?"

दुसऱ्या सेशनला ५५, १२०, ७० आणि ४० मिळून २८५ विद्यार्थी झाले होते. उदाहरणापुरते आमचे सगळे वर्ग मिळून २५० बसतात असं धरा. आधी जास्तीत जास्त २४० होते, म्हणून हा प्रश्न उठलाच नव्हता. रंगांच्या हिशेबात बाकं नसतात. ती वेगळी अट म्हणून दर वेळी तपासावी लागते, आणि दुरुस्ती केली की पुन्हा तपासावी लागते.

इथे चारपैकी कोणाला उठवता येईल? इतिहास, अकाउंटन्सी आणि गणित पक्के अडकलेत. मानसशास्त्राला पहिल्या सेशनला मराठी नडतं, तिसऱ्याला संख्याशास्त्र. पण मराठी कुठे जाऊ शकतं ते बघा. त्याचं वाकडं फक्त इतिहास आणि मानसशास्त्राशी, आणि दोघंही दुसऱ्यात. म्हणजे तिसरं सेशन मराठीला मोकळं आहे. मराठी तिसऱ्यात नेलं की पहिल्यात फक्त अर्थशास्त्र उरतं, आणि मानसशास्त्राचं अर्थशास्त्राशी काही वाकडं नाही. ते पहिल्यात आणलं. आता पहिल्याला अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र मिळून १५०, दुसऱ्याला इतिहास, अकाउंटन्सी आणि गणित मिळून २४५, तिसऱ्याला भूगोल, संख्याशास्त्र आणि मराठी मिळून १७३. भाऊसाहेबांनी मान डोलावली.

कोणते पेपर एकत्र हे ठरलं. कोणता गट कधी, हे अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरवायला पूर्ण मोकळीक आहे. सोमवारचा गट मंगळवारी आणि मंगळवारचा सोमवारी नेला म्हणून क्लॅश होत नाही, कारण गटातले पेपर तेच राहतात. ही फुकटची मोकळीक बरेच जण वाया घालवतात.

समजा सोमवार सकाळ, सोमवार दुपार आणि मंगळवार सकाळ अशी तीन सेशन आहेत. गटागटांमधले सामाईक विद्यार्थी मोजू. अर्थशास्त्राचा गट आणि इतिहासाचा गट: १३, ४० आणि ९, एकूण ६२. अर्थशास्त्राचा गट आणि मराठीचा गट: ११, १६, १४ आणि ५, एकूण ४६. इतिहासाचा गट आणि मराठीचा गट: १८, २२, ६, ३१ आणि ती एक मुलगी, एकूण ७८. हे आकडे म्हणजे ज्यांना लागोपाठ दोन पेपर पडतील अशी मुलं. एका दिवसात दोन पेपर शक्य तितक्या कमी जणांना यावेत, म्हणून ४६ची जोडी सोमवारी. सोमवारी दुपारी पेपर देऊन मंगळवारी सकाळी पुन्हा हजर राहणं मेढ्याच्या किंवा कोरेगावच्या मुलांना जड जातं. पाच-साडेपाचला सुटून एसटी पकडायची, घरी जाऊन जेवायचं आणि मग पुस्तक उघडायचं. म्हणून सोमवारी दुपारी तो गट हवा ज्याचे मंगळवारच्या गटाशी कमी विद्यार्थी सामाईक आहेत. हिशेब केला तर सोमवारी सकाळी मराठीचा गट, दुपारी अर्थशास्त्राचा, मंगळवारी सकाळी इतिहासाचा. ७८ जणांना दोन पेपरांमध्ये सोमवारची दुपार आणि रात्र मिळते. इतिहासाचा आणि मराठीचा गट सोमवारी लावला असता तर त्याच ७८ जणांचे दोन्ही पेपर सोमवारी आले असते.

मोठ्या वेळापत्रकांसाठी याच विचाराला आकडे लावतात. कार्टर, लापोर्त आणि ली यांनी १९९६ मध्ये वापरलेली मोजणी आजही तुलनेसाठी घेतात: एखाद्या विद्यार्थ्याचे दोन पेपर लागोपाठच्या सेशनांना आले तर १६ गुण दंड, एक सेशन सोडून आले तर ८, मग ४, २, १. पाच सेशनांपेक्षा जास्त अंतर असेल तर दंड नाही. सगळ्यांचा दंड मिळवून विद्यार्थीसंख्येने भागायचा. त्यात सकाळ-दुपार आणि रात्र यांतला फरक नाही, म्हणून मी स्वतः तो जसाच्या तसा वापरत नाही. रात्र मध्ये असणं आणि नुसती जेवणाची सुट्टी मध्ये असणं या दोन गोष्टी सारख्या कशा?

एका महाविद्यालयापुरतं हे असं निभावतं. विद्यापीठाचं काम याहून अवघड. शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे आहेत, आणि एक पेपर सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी सुरू व्हावा लागतो, नाहीतर प्रश्न फोनवरून पुढच्या केंद्रावर पोचतात. त्यामुळे जतमधल्या एखाद्या महाविद्यालयात एकाच मुलाने दोन विषयांची अनोखी जोडी घेतली तरी ती रेघ सातारच्या वेळापत्रकातही ओढावी लागते. आणि छापून झालेल्या वेळापत्रकात केंपची साखळी फिरवायची म्हणजे तिन्ही जिल्ह्यांत निरोप धाडायचे. बऱ्याच ठिकाणी बॅकलॉगचे पेपर नियमित पेपरांपासून वेगळ्या वेळेला ठेवतात ते यासाठीच: नियमित विद्यार्थ्यांच्या जोड्या थोड्याफार ओळखीच्या असतात, बॅकलॉगच्या जोड्या कशाही पडतात.

आणि काही वेळा साखळीही उपयोगाची नसते. आमच्या उदाहरणात समजा आणखी एक मुलगा निघाला, भूगोल आणि संख्याशास्त्र घेतलेला. आता अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल आणि संख्याशास्त्र या चौघांचं आपापसात वाकडं झालं. टोळी चौघांची, सेशन चार. कितीही डोकं लावलं तरी तीनमध्ये बसणार नाही. एका मुलासाठी साडेपाचशे उत्तरपत्रिकांचं वेळापत्रक लांबवायचं का, हा प्रश्न तेव्हा समितीसमोर येतो.

आमच्याकडे अशा वेळी तो मुलगा भूगोलाचा पेपर सगळ्यांबरोबर देतो, आणि उत्तरपत्रिका दिल्यावर वर्गाबाहेर जात नाही. मोबाईल विभागात जमा, सोबत एक पर्यवेक्षक, डबा तिथेच खायचा, आणि मग तासाभराने त्याच खोलीत संख्याशास्त्र. बाकीची मुलं संख्याशास्त्र देऊन केव्हाच बाहेर पडलेली असतात, म्हणून त्याच्यासाठी दुसरा प्रश्नसंच काढतो. गेल्या खेपेला ही ड्युटी माझ्याकडे आली. मुलाने डबा उघडला आणि विचारलं, "सर, तुम्ही जेवलात का?" मी जेवलो नव्हतो. पर्यवेक्षकाच्या जेवणाची वेळ वेळापत्रकात लिहायची राहिली होती.